आपल्या दोघांच्या ओळखीची मीनल

लग्नाच्या संकेतस्थळावर मुलाने पाठवलेली विनंती मुलीने स्वीकारली आहे. नंबर मिळाला आहे. आता पहिला मेसेज मुलाने करायचा, असं दोन्ही घरांत गृहीत आहे. या टप्प्यावर बहुतेक मुलं एक काम हमखास करतात. ती मुलगी इन्स्टाग्रामवर आहे का, ते बघतात. खातं खासगी असलं, एकही फोटो दिसत नसला, तरी आपण ज्यांना फॉलो करतो त्यांपैकी तिला कोण फॉलो करतं, हे प्रोफाइलवर दिसतं. तिथे एक ओळखीचं नाव निघतं. समजा, मीनल. मुलाच्या कॉलेजातली मीनल, आता ठाण्याला एका बँकेत आहे. मुलगीही त्याच बँकेत.

अशा वेळी जीव हुशारतो, आणि ते स्वाभाविक आहे. आपल्याकडे रेल्वेच्या डब्यात समोरासमोर बसलेली दोन माणसंसुद्धा गाव, आडनाव, आजोळ विचारत विचारत पाच मिनिटांत कुणी तरी सामाईक शोधून काढतात, आणि तो सापडला की डबा उघडून लाडू पुढे करतात. मग ज्या मुलीशी कदाचित आयुष्य काढायचं आहे, तिच्याशी बोलताना मीनलचं नाव का घेऊ नये?

घ्यावं. पण स्थळाच्या बोलण्यात हे नाव रेल्वेच्या डब्यातल्यासारखं साधं राहत नाही. तिथे ते ऐकताच मुलीच्या मनात पहिला शब्द उमटतो तो ‘चौकशी’. यांनी आपली चौकशी केली. कुणाकडे केली, काय विचारलं, तिने काय सांगितलं? मेसेज पाठवणाऱ्याला वाटतं आपण आपुलकी दाखवली, आणि वाचणारीला वाटतं आपल्या पाठीमागे काही तरी बोलणं झालं. हे अंतर कसं पडतं आणि ते पडू न देता मीनलचं नाव कसं घ्यायचं, हे नीट बघण्यासारखं आहे.

पूर्वी हा प्रश्न फारसा यायचा नाही, कारण स्थळ माणसासोबतच यायचं. मावशी, शेजारच्या काकू, वडिलांच्या ऑफिसातले कुणी, असा मध्यस्थ दोन्ही घरांना ठाऊक असायचा आणि त्याने काय सांगितलं याची जबाबदारीही त्याच्यावर असायची. आता बायोडाटा एकटाच येतो. अमेरिकेत प्रेमात पडणाऱ्यांच्या बाबतीत हा बदल मोजला गेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, तिथल्या स्त्री-पुरुष जोडप्यांत मित्रमैत्रिणींमार्फत भेटणाऱ्यांचं प्रमाण १९९५ मधल्या ३३ टक्क्यांवरून २०१७ मध्ये २० टक्क्यांवर आलं, आणि इंटरनेटवर भेटणाऱ्यांचं ३९ टक्क्यांवर गेलं. आपल्याकडची लग्नं जमण्याची रीत वेगळी आहे, पण मधला माणूस गळून पडतो आहे हे इथल्या कुठल्याही घरात दिसतं. संकेतस्थळांवर खोटी माहिती देऊन फसवण्याचे प्रकार होतात म्हणून केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि नाव नोंदवणाऱ्यांची ओळख पडताळून घ्यायला सांगितलं. तरीही संकेतस्थळ फार तर हा माणूस खरोखर अस्तित्वात आहे एवढं सांगू शकतं. तो वर्गात कसा वागायचा, हे सांगू शकते ती मीनल.

म्हणजे मीनलच्या नावाचं इथे खरं काम एकच आहे: मुलीला माझ्याबद्दल विचारता यावं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं. मीनल आहे ती मुलीच्या सोयीसाठी. मला मुलीबद्दल काय कळलं हे सांगण्यासाठी तिचं नाव नाही, आणि मी किती भारी लोकांत वावरतो हे दाखवण्यासाठीही नाही.

मेसेज लिहायच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि नेमकी तिथेच चांगली मुलंही चुकतात. एरवी शहाणपणाचा सल्ला असा असतो की कुणाचं नाव वापरायचं असेल तर आधी त्याला विचारावं. नोकरीसाठी कुणाला लिहिताना हे अगदी बरोबर आहे. ‘सर, तुमचं नाव सांगितलं तर चालेल ना?’ असं विचारणं हा साधा शिष्टाचार. स्थळाच्या बाबतीत मात्र हाच शिष्टाचार घात करू शकतो. मुलगा सज्जनपणे मीनलला फोन करतो, ‘अगं, तुमच्या ब्रँचमधल्या अमुक मुलीचं स्थळ आलंय, तुझं नाव सांगू का?’ आणि त्या एका वाक्यात मीनलला कळतं की ती मुलगी लग्नाचं बघते आहे. मुलीने हे ऑफिसात कुणालाही सांगितलेलं नसू शकतं. कितीतरी मुली सांगत नाहीत, आणि त्याला कारणं असतात. बघायचं चालू आहे म्हटलं की बदलीचा, बढतीचा विषय निघतो, जेवणाच्या सुट्टीत रोज ‘काय झालं गं त्या मुलाचं?’ सुरू होतं, आणि दोन-तीन स्थळं जुळली नाहीत की ‘फारच चोखंदळ आहे बाई’ असं बोललं जातं. आधीचं एखादं नातं नुकतंच संपलेलं असेल आणि ते मीनलला माहीत असेल, तर आणखीच अवघड.

म्हणून इथे क्रम उलटा. नाव आपणच शोधून काढलं असेल, तर मीनलला काहीही न कळवता आधी मुलीला सांगायचं, आणि मीनलला कळवलेलं नाही हेही तिलाच सांगायचं. पुढे मीनलला सांगायचं की नाही, हा निर्णय मुलीचा. मीनलनेच स्थळ सुचवलं असेल तर गोष्ट वेगळी. तिला सगळं ठाऊकच आहे, आणि मग तिचं नाव लपवण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष मेसेज. मुलगा मूळचा नाशिकचा, पुण्यात नोकरी, वय तिशीच्या आसपास. मीनल आणि तो इंजिनिअरिंगला चार वर्षं एका वर्गात होते. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला एका गटात होते. त्यानंतर दोन-तीन मित्रांच्या लग्नांत भेट आणि वाढदिवसाला मेसेज, एवढाच संबंध. त्याच्या हातून पहिल्यांदा उतरतो तो मेसेज बहुधा असा असतो:

‘हाय! तुम्ही मीनलला ओळखता ना? माझी खास मैत्रीण आहे. तिच्याकडून तुमच्याबद्दल बरंच ऐकलंय 😊 तुम्हाला ट्रेकिंग आवडतं ना? मीनल कॉलेजात असताना ट्रेकला यायची आणि अर्ध्यातच रडायला लागायची. असो. कधी बोलू या?’

यात वाईट हेतू एकही नाही. तरीही हा मेसेज वाचून मुलगी फोन बाजूला ठेवते. का, ते बघू.

पहिलंच वाक्य प्रश्न आहे, आणि तो विचारणारा कोण हे तिला अजून माहीत नाही. व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला की सूचनेत सुरुवातीचे काही शब्दच दिसतात, आणि उघडल्यावर ब्लॉक करायचा पर्याय समोरच असतो. त्या घडीला तिला एकच गोष्ट हवी असते, हा कोण आणि नंबर कुठून मिळाला. तिथे मीनलचं नाव दिसलं तर ती आधी दचकते.

‘बरंच ऐकलंय’ हे तर फारच जड वाक्य आहे. ते कौतुक म्हणून लिहिलं जातं, पण काय ऐकलं हे त्यात नसतं. मग ती रिकामी जागा मुलगी स्वतःच भरते, आणि माणूस अशी जागा चांगल्या गोष्टींनी क्वचितच भरतो. शिवाय बहुतेक वेळा ते खरंही नसतं. मीनलशी बोलणंच झालेलं नाही. ट्रेकिंगचं इन्स्टाग्रामवरून किंवा बायोडाट्यातून कळलेलं असतं, पण त्या वाक्याच्या शेजारी बसल्यामुळे तेही मीनलने सांगितल्यासारखं वाटतं. म्हणजे बिचारी मीनल काहीही न बोलता चुगलखोर ठरते. दुसऱ्या दिवशी बँकेत ती समोर आली की मुलीच्या नजरेत फरक पडलेला असतो, आणि मीनलला त्याचा पत्ताच नसतो. पहिल्या मेसेजमधलं असं वाक्य दुसऱ्या कुणाचं नातं बिघडवू शकतं, ही मला त्यातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

आणि मग ते रडण्याचं. लिहिणाऱ्याला ती मजेची आठवण वाटते. वाचणारीला त्यातून मीनलपेक्षा लिहिणारा जास्त कळतो: हा मैत्रिणीची फजिती अनोळखी बाईला पहिल्याच मेसेजमध्ये सांगतो, उद्या माझं काय सांगेल? मानसशास्त्रात याच्या जवळचा एक सुंदर निष्कर्ष आहे. जॉन स्कोव्रॉन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात माणसं दुसऱ्या कुणाचं तरी वागणं सांगत होती, आणि ऐकणाऱ्यांनी नंतर ते गुणदोष थोडेफार सांगणाऱ्यालाच चिकटवले. कुणाचा क्रूरपणा सांगितला तर सांगणाराच थोडा क्रूर वाटू लागला. वर्णन दुसऱ्याचं आहे हे ऐकणाऱ्यांना माहीत असूनही हे घडलं. चांगलं सांगितलं तर चांगलंही चिकटतं. तेव्हा मीनलबद्दल एखादं वाक्य लिहायचंच असेल, तर ते मीनलने स्वतः वाचलं तर तिला बरं वाटेल असं असावं. ही कसोटी हवेतली नाही. पहिल्या मेसेजचा स्क्रीनशॉट बहिणीला, जवळच्या मैत्रिणीला, पुष्कळदा आईला जातो, आणि मीनल त्याच बँकेत असेल तर तिच्यापर्यंतही पोचू शकतो. म्हणून लिहितानाच हे सगळे वाचक समोर धरावेत.

एखाद्या मित्राने सांगितल्यावर मुलगा ते चुगलीचं वाक्य काढून टाकतो. पण मग तो दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका असतो:

‘नमस्कार. मीनल माझी अगदी जवळची मैत्रीण. तिचे सासरे, ते प्रसिद्ध डॉक्टर, त्यांच्याशी आमचे घरचे संबंध आहेत. तुमच्या बँकेचे रिजनल मॅनेजरही माझ्या मामांचे मित्र आहेत. त्यामुळे आपली ओळख व्हायला हरकत नसावी.’

इथे कुणाची उणीदुणी नाहीत. आहे ती नावांची रांग, आणि प्रत्येक नाव मुलीवर थोडं थोडं वजन टाकत जातं. रिजनल मॅनेजरचं नाव तर धमकीच्या जवळ जातं. उद्या नकार द्यायचा असेल तर साहेबांच्या मित्राच्या भाच्याला नकार द्यावा लागेल, हे तिच्या लगेच लक्षात येतं. लिहिणाऱ्याच्या मनात तसं काही नसलं, तरी ते वजन पडायचं राहत नाही.

मोठ्या नावाशी जवळीक सांगितल्याने माणूस मोठा वाटतो का, हे झुरिच विद्यापीठातल्या कार्मेन लेबहर्झ, क्लाऊस योनास आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने तपासलं होतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भाग घेणाऱ्यांची एका अनोळखी व्यक्तीशी ई-मेलमधून ओळख होत होती, आणि ती व्यक्ती टेनिसपटू रॉजर फेडररचा उल्लेख करायची. कुणाला फक्त चाहता असल्याचं कळलं, कुणाला फेडरर मित्र असल्याचं. जितकी जवळीक जास्त सांगितली, तितकी ती व्यक्ती कमी आवडली आणि कमी कर्तबगार वाटली. कारणही त्यांनी शोधलं: वाचणाऱ्यांना त्यात आपल्यावर छाप पाडण्याचा डाव दिसला. आपल्याकडे फेडररच्या जागी आमदारसाहेब, डॉक्टर, प्राचार्य किंवा मालिकेत काम करणारी चुलतबहीण येते, एवढंच.

‘खास’, ‘अगदी जवळची’ या शब्दांचा धोका आणखी साधा आहे. ते तपासता येतात. मुलगी मीनलला सहज विचारते, ‘अमुक माहीत आहे का गं?’ मीनल खरं ते सांगते, ‘हो, वर्गात होता आमच्या. बरा मुलगा आहे. हल्ली काही संपर्क नाही.’ हे उत्तर खरं तर उत्तम आहे. पण त्याने ‘खास मैत्रीण’ लिहून ठेवलं असेल, तर तेच उत्तर त्याच्या विरोधात जातं. म्हणून ओळख जेवढी आहे, त्यापेक्षा किंचित कमीच सांगावी. मग मीनलचं प्रत्येक वाक्य तिच्यात भर घालतं.

तिसरा मेसेज असा होऊ शकतो:

‘नमस्कार, मी अमुक, नाशिकचा, सध्या पुण्यात. संकेतस्थळावर आपली विनंती जुळली आणि काल तुमचा नंबर मिळाला. एक सांगून ठेवतो. इन्स्टाग्रामवर तुमचं प्रोफाइल बघताना दिसलं की मीनल आपल्या दोघांच्याही ओळखीची असावी. ती इंजिनिअरिंगला माझ्या वर्गात होती, आता फारसा संपर्क नाही. आपल्या या बोलण्याबद्दल मी तिला काही कळवलेलं नाही, आणि तुम्ही म्हणेपर्यंत कळवणारही नाही. तुम्हाला माझ्याबद्दल तिला विचारावंसं वाटलं तर जरूर विचारा. तुमच्या बायोडाट्यात राजमाचीचा उल्लेख वाचला. मी मागच्या पावसाळ्यात गेलो होतो, कोंडाण्याच्या लेण्यांच्या बाजूने. तुम्ही कुठल्या वाटेने गेला होतात?’

यात मीनल आली ती नाव, गाव आणि नंबर कुठून मिळाला हे सांगून झाल्यावर. ओळख कशी कळली, तेही उघड सांगितलं. प्रोफाइल बघितलं हे लिहायला मुलं संकोचतात, पण दोघंही एकमेकांचं प्रोफाइल बघणार हे दोघांनाही माहीत असतं. न सांगता नाव घेतलं तर मात्र ‘याला कसं कळलं?’ हा प्रश्न तसाच लटकत राहतो. ‘असावी’ हा शब्दही मुद्दाम आहे. इन्स्टाग्रामवर फॉलो करणं म्हणजे ओळख असणं नव्हे. मुलगी म्हणू शकते, ‘ऑफिसात आहे, पण बोलणं नाही,’ आणि विषय तिथेच संपतो.

सगळ्यांत मोलाचं वाक्य आहे ते मीनलला कळवलं नसल्याचं. मुलीला जी धाकधूक सहज वाटली असती, ती तिने विचारण्याआधीच मिटते, आणि हा मुलगा दुसऱ्याची गोष्ट स्वतःपाशी ठेवू शकतो याचा पहिला पुरावा मिळतो. पण ते वाक्य खरंच असलं पाहिजे. मीनलला आधीच मेसेज टाकून झाला असेल, तर तसं स्पष्ट लिहावं: ‘मी मीनलला विचारून बसलो, ते तुम्हाला आधी विचारायला हवं होतं.’ खोटं बोललं तर ते बँकेच्या कँटीनमध्ये एका दिवसात उघडं पडतं.

आणि शेवटचा प्रश्न मीनलबद्दल नाही. मीनलचं एवढं सांगून झाल्यावर मेसेज मुलीकडे आणि तिच्या आवडीकडे वळतो, आणि ती आवडही तिने स्वतः बायोडाट्यात लिहिलेली. मीनलवर मेसेज संपवला तर उत्तरही मीनलबद्दलच येतं, आणि पहिलं बोलणं तिसऱ्या माणसावर खर्च होतं.

पुढे काय करायचं, ते उत्तरावरून कळतं. ‘हो, ओळखते. राजमाचीला आम्ही लोणावळ्याकडून गेलो होतो,’ असं आलं तर तिने मीनलचा विषय बंद केला आहे. आपणही करावा, पुन्हा काढू नये. ‘अरे वा, मीनल! कुठल्या बॅचचे तुम्ही?’ असं आलं तर दोन वाक्यांत मोकळेपणाने सांगावं. ‘प्लीज तिला काही सांगू नका,’ असं आलं तर ‘नक्की नाही’ एवढंच लिहावं. कारण विचारू नये, ‘का, काही प्रॉब्लेम आहे का?’ तर मुळीच नाही. दोघींचं पटत नसेल, तिला ऑफिसात विषय नको असेल, काहीही असेल. ते तिचं आहे.

आणि उत्तर आलंच नाही तर? चार-सहा दिवस वाट बघून एक छोटा मेसेज करायला हरकत नाही. तरीही नाही आलं तर तो नकार समजावा. अशा वेळी मीनलला गाठून ‘अगं, ती काही बोलत नाही, जरा बघ ना’ असं सांगण्याचा मोह होतो. तो आवरावाच. त्याने आधीच्या मेसेजमधला शब्दही मोडतो आणि मुलीला तिच्याच कामाच्या जागी कोंडीत पकडल्यासारखं होतं.

काही ओळखी अशा असतात की त्यांचं नाव पहिल्या मेसेजमध्ये येऊच नये. तिच्या हुद्द्यावरचे वरिष्ठ, तिच्या किंवा तुमच्या जुन्या नात्यातली व्यक्ती आणि तिच्या गोटातले लोक, आणि ज्या मित्राच्या घरी सध्या घटस्फोट, आजारपण किंवा भांडण चालू आहे तो मित्र. त्याचं नाव निघालं की त्याचा विषय निघतो, आणि तो विषय आपला नाही. अशी ओळख लपवायची नसते. दोन-तीन भेटींनंतर, बोलण्याच्या ओघात, ‘अमुक माझ्याही ओळखीचा आहे’ असं सांगून टाकावं. फार उशीर करू नये, नाहीतर इतके दिवस का बोलला नाहीत, हा प्रश्न येतो.

मीनलने स्वतःच स्थळ सुचवलं असेल, तर मेसेज सोपा आणि छोटा असतो. ‘नमस्कार, मी अमुक. मीनलने तुमचा नंबर दिला. तुम्हाला विचारूनच दिला असं ती म्हणाली, तसं नसेल तर कृपया सांगा.’ यातलं शेवटचं वाक्य वगळू नये. उत्साही मध्यस्थ पुष्कळदा ‘मी बोलते तिच्याशी’ म्हणतात आणि बोलायच्या आधीच नंबर पाठवून मोकळे होतात. मीनलने मुलीचं तोंडभरून कौतुक केलं असलं, तरी ते पहिल्या मेसेजमध्ये लिहू नये. ‘मीनल म्हणते तुम्ही फार समंजस आहात’ हे वाचून मुलीला समंजसपणाने वागण्याचं बंधन येतं. मीनलने तुमच्याबद्दल काय सांगितलं, हे मात्र मुलीला ठाऊक आहेच, म्हणून स्वतःची स्तुतीही तिथे पुन्हा नको.

वडीलधाऱ्यांची रीत निराळी आहे आणि ती निराळीच असू द्यावी. वडिलांनी वडिलांना फोन करून ‘आमचे साडू तुमच्याच गावचे, त्यांच्याकडे सहज विचारलं’ असं म्हणणं तिथे चालतं, कारण दोन्ही घरं चौकशी करणार हे दोघांनाही मान्य असतं. घराने केलेली चौकशी वाईट नाही, गरजेची आहे. पण घराला जे कळलं, ते मुलाने पहिल्या मेसेजमध्ये मुलीपुढे मांडू नये. या दोन वाटा वेगळ्याच राहाव्यात. आणि मुलीने आधी मेसेज केला तरी हे सगळं तसंच लागू आहे. मुलांनाही आपल्याबद्दल ‘बरंच ऐकलंय’ हे वाचून अस्वस्थच वाटतं.

मेसेज ज्यांना येतो त्यांनीही एक लक्षात ठेवावं. ओळखीचं नाव घेतलं म्हणजे माणूस खरा, असं होत नाही. आपल्या फॉलोअर्सची यादी उघडी असेल तर त्यातलं एखादं नाव उचलून लिहिणं फसवणाऱ्याला अवघड नाही. मीनलला विचारायचं तर आपल्याकडच्या तिच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारा. समोरच्याने दिलेल्या नंबरवर नको, आणि त्याने पाठवलेल्या तिच्यासोबतच्या फोटोवरही विसंबू नका. आणि मीनलची खातरजमा म्हणजे त्याच्या पगाराची, घराची, आधीच्या लग्नाची खातरजमा नव्हे. ती वेगळी करावीच लागते.

आपल्यापैकी बहुतेक जण या गोष्टीत कधी ना कधी मीनलच्याच जागी असतात. तसा फोन आला तर शेवटची भेट कधी झाली ते आधी सांगा, मग स्वतः पाहिलेलं तेवढंच सांगा, दुसऱ्याकडून ऐकलेलं सांगू नका. आणि फोन आला होता, हे मुलाला कळू देऊ नका.